चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावला की झिणझिण येते, हे नॉर्मल आहे का?

मृद्गंध
मंडळी, एक शंका आहे. माझ्या फोनला धातूची कड आहे. सोबत आलेला चार्जर हरवला म्हणून कंपनीचं नावच नसलेला एक स्वस्तातला घेतला, त्यावर नुसतं फास्ट चार्जर आणि पाच व्होल्ट दोन अँपियर एवढंच छापलंय. चार्जिंग छान होतं, वेळही पूर्वीइतकाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोन चार्जिंगला असताना कडेवरून बोट हलकेच फिरवलं की खरखरीत लागतं, बारीक झिणझिण झाल्यासारखं, आणि बोट दाबून धरलं की काहीच नाही. अनवाणी असले की जास्त जाणवतं, चपला असल्या की जवळपास नाहीच. प्लग काढला की फोन एकदम गुळगुळीत. आधीच्या चार्जरला असं झाल्याचं आठवत नाही. घरात लहान मुलगा आहे आणि तो चार्जिंगला लावलेला फोन सारखा उचलतो म्हणून विचारतेय, हे नॉर्मल आहे की चार्जर टाकून देऊ?

उनाडवारा
ताई काळजी करू नका, चार्जरमधून बाहेर येतात फक्त पाच व्होल्ट, पाच व्होल्टचा शॉक माणसाला बसूच शकत नाही. रिमोटमधले सेल हातात धरतो तेव्हा कुठे काय होतं. स्टॅटिक असेल, कोरड्या हवेत होतं असं.

जुना_वायरमन
उनाडवारा, स्टॅटिक एकदा चट्‌कन बसतं आणि संपतं, हे सारखं चालू आहे म्हणतायत त्या. ताई, फोनच्या कडेला टेस्टर लावून बघा, दिवा लागला तर बॉडीत फेज उतरलाय, सरळ कचऱ्यात टाका. इतकी वर्षं वायरिंगचं काम करतोय, ज्या वस्तूच्या बॉडीवर टेस्टर लागतो ती वस्तू मी घरात ठेवू देत नाही.

पाऊलवाट
माझा पण चार्जर भयंकर तापतो, हाताला धरवत नाही, आणि खालच्या बाजूला प्लास्टिक पिवळट पडलंय. पण झिणझिण वगैरे काही नाही. म्हणजे माझा सेफ आहे ना? फोन रात्रभर लावून ठेवते मी, आधीच्या फोनची बॅटरी फुगली होती ती त्यामुळेच का?

सोल्डरगन
मी पॉवर सप्लाय दुरुस्तीचं काम करतो, मोबाईलचे आणि लॅपटॉपचे चार्जर रोज उघडावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उनाडवारा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पाच व्होल्ट हे केबलमधल्या दोन तारांच्या एकमेकींमध्ये असतात, तेवढ्याने शॉक बसत नाही हे खरंच. पण त्या दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तुलनेत किती व्होल्टवर आहेत हा वेगळा प्रश्न आहे, आणि ताईंना जे जाणवतंय ते त्यातलं आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे बाहेरची बाजू अधांतरी असते. चार्जरच्या आत मेन्सची बाजू आणि फोनची बाजू अशा दोन वेगळ्या बाजू असतात, मधे ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोघींना जोडणारा एक छोटा कपॅसिटर मुद्दाम टाकलेला असतो. तो नसेल तर चार्जरचा इलेक्ट्रिकल गोंगाट फोनमध्ये शिरतो, टचस्क्रीन वेड्यासारखी वागते, रेडिओत घरघर येते. त्या कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो, तो फोनच्या कडेवर येतो आणि तुमच्या बोटातून जमिनीत जातो. अनवाणी असताना वाट सोपी म्हणून जास्त लागतं.

किती करंट? एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरले तर साधारण ७२ मायक्रोअँप येतो. अशा दोन पिनी उपकरणांना २५० मायक्रोअँपपर्यंत मुभा असते. एका जागी बोट ठेवलं तर अर्ध्या मिलिअँपच्या खालचं बहुतेकांना कळत नाही, पण बोट फिरवताना त्या व्होल्टेजमुळे कातडी सेकंदाला शंभर वेळा पृष्ठभागाला कमी-जास्त चिकटते, म्हणून फार कमी करंटवर सुद्धा खरखर लागते. म्हणून दाबलं की जातं. चांगल्या चार्जरवरही हे होतं.

म्हणून वायरमनकाका, टेस्टरवर निकाल देऊ नका. निऑनच्या टेस्टरला दिवा लागायला काही मायक्रोअँप पुरतात, एकदम व्यवस्थित चार्जरवर सुद्धा तो मंद लागू शकतो. मल्टीमीटरने फोनची कड आणि अर्थ यांच्यात मोजलं तरी शंभरच्या आसपास व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो, पण मीटर जवळपास करंटच घेत नाही म्हणून ते तसं दिसतं.

आता वाईट बातमी. झिणझिण नॉर्मल असू शकते, पण ती देणारा कपॅसिटर कुठल्या जातीचा आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते बाहेरून कळत नाही.

मृद्गंध
बापरे, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप धन्यवाद दादा. जातीचा म्हणजे काय? माझ्या दिरांनी हा चार्जर काल रात्रीच प्लगमधून काढून ठेवला होता आणि आज सकाळी स्क्रूड्रायव्हरने फोडला सुद्धा, त्यांना अशी हौस आहे. फोटो टाकतेय.

(बोर्डाचे दोन फोटो)

सोल्डरगन
आधी दिरांना सांगा की यापुढे असं फोडताना सावध राहा. त्या काळ्या उभ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर साठा असू शकतो. रात्रभर पडून होता म्हणून उतरला असेल, पण त्यावर विसंबू नये. बाकीच्यांनी घरी चार्जर उघडू नये.

फोटो मोठा करून पाहिला. तुमच्या बोर्डात जे आहे ते क्रमाने सांगतो.

ती निळी चकती दिसतेय ना, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, एक पाय मेन्सकडे आणि एक पाय यूएसबीच्या बाजूला, तोच तो कपॅसिटर. त्यावर १०२ आणि १ केव्ही असं छापलंय. १०२ म्हणजे एक नॅनोफॅरड, वर जो हिशोब केला तोच. पण तिथे वाय-१ असा शिक्का पाहिजे होता, सोबत एकदोन सुरक्षा संस्थांच्या खुणा, त्या इथे नाहीतच. हा साधा हाय व्होल्टेज कपॅसिटर आहे, एक हजार व्होल्टचा. वाय-१ जातीचा कपॅसिटर अशाच जागेसाठी बनवतात, तो हजारो व्होल्टचे धक्के खातो, आणि बिघडायची वेळ आली तर शॉर्ट न होता उघडा पडावा अशी त्याची रचना असते. साधी चकती बिघडते तेव्हा बरेचदा शॉर्ट होते. वीज चमकताना, किंवा लाईट जाऊन परत येताना लाईनवर जे क्षणभराचे उसळे येतात ते हजार व्होल्ट सहज ओलांडतात, म्हणजे ती चकती मोडायला कारण लागतंय ते कधीही येऊ शकतं.

आता ही चकती शॉर्ट झाली तर काय होईल ते नीट वाचा, कारण या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. काहीच होणार नाही. फ्यूज उडणार नाही, धूर नाही, वास नाही, फोन नेहमीसारखा चार्ज होत राहील. बाहेरची बाजू अधांतरी असल्यामुळे करंटला जायला वाटच नसते, फक्त आता ७२ मायक्रोअँपवर अडवणारं कोणी नाही, फोनची कड थेट मेन्सला जोडलेली आहे. वाट मिळते ती कोणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून फोन उचलतं तेव्हा, किंवा एका हातात फोन आणि दुसरा हात नळाला. कोरडी कातडी बराच विरोध करते, ओली झाली की तो विरोध हजारभर ओहमवर येतो, आणि २३० व्होल्टला हजार ओहम म्हणजे दोनशेच्या वर मिलिअँप. दहाएक मिलिअँपला हात सोडवत नाही, यावरून अंदाज घ्या.

उनाडवारा
अरे बापरे. म्हणजे चार्जिंग चालू आहे म्हणजे चार्जर ठीक आहे, हे गणितच चुकीचं. पण दादा मग फ्यूज कशाला असतो चार्जरमध्ये?

सोल्डरगन
तो आगीसाठी. आत मेन्सच्या बाजूला काही शॉर्ट झालं की करंट एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. माणसाला मारायला जेवढा करंट लागतो तेवढ्याने तो हलत पण नाही. आणि ताईंच्या बोर्डावर तर तो दिसतच नाहीये, मेन्सची तार सरळ डायोडला लावलीय, मधे फ्यूज नाही की फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर नाही. माणसासाठी घरात मेन बोर्डावर आरसीसीबी असावा लागतो, ३० मिलिअँपचा. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की तो पाडतो, त्याला चार्जर कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी देणंघेणं नाही.

जुना_वायरमन
आरसीसीबीला माझं पूर्ण अनुमोदन. बऱ्याच घरांत तो असतो पण वारंवार पडतो म्हणून कोणीतरी बायपास करून ठेवलेला सापडतो, ते आधी बघा. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, दाबल्यावर पडला पाहिजे.

टेस्टरचं तुम्ही म्हणता ते समजलं, पण मी एक विचारतो. माझ्याकडे ५०० व्होल्टचा मेगर आहे, इन्सुलेशन तपासायचं मीटर. चार्जरच्या दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, यूएसबीकडचे सगळे पाय एकत्र जोडायचे आणि मधे मेगर मारायचा. शेकडो मेगओहम आले तर पास, नाहीतर फेल. चार्जर फोडायची गरज नाही. हे चालेल की नाही?

सोल्डरगन
काका, फेल झाला तर तुमचा निकाल शंभर टक्के बरोबर. पास झाला तर मात्र मी त्यावर सही करणार नाही. चांगला चार्जर कारखान्यात मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये तीन हजार व्होल्टवर तपासलेला असतो. ताईंची ही हजार व्होल्टची चकती ५०० व्होल्टच्या मेगरवर मस्त पास होईल, आज धडधाकट आहे म्हणून. पुढच्या उसळ्याला काय करेल ते मेगर सांगत नाही.

जुना_वायरमन
हे मान्य. तरी पण आज कोणता चार्जर मेलेला आहे एवढं तरी कळतं, ते काही कमी नाही. रोज कोण तीन हजार व्होल्ट घेऊन फिरणार.

कडीपत्ता
मी वाचलं होतं की यूएल नावाच्या संस्थेने २०१६ मध्ये ४०० चार्जर तपासले आणि फक्त ३ पास झाले. म्हणजे बिनकंपनीचे ९९ टक्के चार्जर जीवघेणे आहेत, मग एवढी चर्चा कशाला, सगळे फेकून द्या.

सोल्डरगन
आकडा बरोबर आहे पण अर्थ जरा ताणलाय. ते ४०० चार्जर ॲपलच्या चार्जरची हुबेहूब नक्कल करून विकलेले होते. बिनकंपनीचे सगळे चार्जर गोळा करून केलेली ती पाहणी नव्हती. आणि बहुतेक सगळे त्या हाय व्होल्टेज चाचणीत किंवा तशाच तपासणीत नापास झाले, त्यातले १२ तर इतके वाईट होते की त्यांच्यापासून जीव जाण्याइतका शॉक बसू शकला असता. नापास आणि जीवघेणा हे दोन्ही वाईटच, पण एक नाही. मला त्यात घाबरवणारी गोष्ट वेगळी वाटते, ते सगळे फोन चार्ज करायच्या लायकीचे दिसत होते, नाव पण छापलेलं होतं. म्हणजे नाव दिसलं म्हणून पण निर्धास्त होता येत नाही.

पाऊलवाट
माझं कोणी सांगेल का? तापतो पण झिणझिण नाही.

सोल्डरगन
पाऊलवाट, राहिलंच तुमचं, सॉरी. झिणझिण नाही म्हणून सेफ, असं अजिबात धरू नका. अगदी स्वस्तातल्या चार्जरमध्ये तो कपॅसिटर टाकतच नाहीत, तेवढीच बचत. मग गळतीच नाही म्हणून झिणझिण पण नाही. तेव्हा मधे उरतो तो एकटा ट्रान्सफॉर्मर. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फोनकडच्या गुंडाळीची तार तीन थरांच्या इन्सुलेशनची असते. हलक्यात दोन्हीकडे साधी इनॅमलची तांब्याची तार आणि मधे पिवळ्या टेपचे एकदोन वेढे, कडेला तर तारा टेपच्या बाहेर घसरून एकमेकींना टेकलेल्या मी पाहिल्यात. थंड असेपर्यंत ते चालतं. तुमचा रोज हाताला धरवत नाही इतका तापतो म्हणजे आत त्याहून बरंच जास्त तापमान असणार, त्यात टेपचा गोंद मऊ होतो, इनॅमल ठिसूळ होत जातं. ज्या दिवशी ते फाटेल त्या दिवशी वरच्या कपॅसिटरचीच गोष्ट होईल, फोन चार्ज होत राहील. म्हणजे तापणं आणि शॉक हे दोन वेगळे धोके नाहीत, पहिला दुसऱ्याला तयार करतो. प्लास्टिक पिवळं पडलंय ना, आजपासून लावू नका.

बॅटरी का फुगली ते मात्र यावरून सांगता येणार नाही. बॅटरी किती भरायची ते फोनच्या आतला सर्किट ठरवतो, चार्जर नाही. जुनी झाली की, गरम राहिली की फुगते.

जुना_वायरमन
पिवळेपणा कुठे आहे ते बघायला सांगा त्यांना. पिनांच्या मुळाशी करपलं असेल तर बरेचदा दोष सॉकेटचा असतो, आतली पट्टी ढिली होते, पिन नीट धरत नाही आणि तिथे ठिणग्या पडून तापतं. नवीन चार्जर त्याच सॉकेटमध्ये लावला की तो पण करपेल.

सोल्डरगन
हे अगदी बरोबर काका. पिनांपाशी करपलं तर सॉकेट, मधल्या पोटाशी पिवळं पडलं तर आतला ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या जवळचे भाग.

पाऊलवाट
पोटाशी आहे. काढून ठेवला. धन्यवाद दोघांना.

निरभ्र
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या लॅपटॉपची बॉडी मेटलची आहे आणि त्याला पण सेम झिणझिण येते, कंपनीचाच चार्जर, तीन पिनांचा. मग तो पण डुप्लिकेट का?

सोल्डरगन
तीन पिनी असेल तर आधी अर्थिंग बघा. त्यात तो गळणारा करंट अर्थच्या पिनेतून जायला पाहिजे, तुमच्या मनगटातून नाही. झिणझिण येते म्हणजे सॉकेटला अर्थिंग पोचलेलं नाही किंवा तुम्ही दोन पिनी ॲडॉप्टर लावलाय. काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये तिसरी पिन आत कुठे जोडलेलीच नसते, तेही आहे.

मृद्गंध
एक राहिलं. फोडायच्या आधी मी प्लग उलटा करून लावला होता, पिना अदलाबदल करून, तर एका बाजूने झिणझिण जवळपास नाहीशी व्हायची आणि दुसऱ्या बाजूने भरपूर. याचा काही अर्थ आहे का? उलटा लावला की बरं असं समजून मी तसाच वापरत होते.

सोल्डरगन
आहे अर्थ, आणि तुमच्या बोर्डाशी जुळतोय. नीट बनवलेल्या चार्जरमध्ये मेन्सला चार डायोड असतात, दोन्ही तारा सारख्याच वागवल्या जातात, त्यामुळे प्लग कसाही लावला तरी कड साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. तुमच्यात एकच डायोड आहे, दुसरी तार सरळ आत गेलीय, आणि ती चकती तिलाच जोडलीय. ती तार न्यूट्रलवर आली की कडेवर काही नाही, फेजवर आली की जवळपास पूर्ण २३० व्होल्ट त्या चकतीच्या मागे. एक डायोड असणं म्हणजे लगेच धोका असं नाही, काही छोट्या चार्जरमध्ये असतो, पण स्वस्तात बनवल्याची ती खूण आहे. आणि प्लग उलटा करून झिणझिण गेली म्हणजे धोका गेला नाही, पुढच्या वेळी घरातलं दुसरं कोणीतरी सुलटा लावणार.

फोटोतली शेवटची गोष्ट. बोर्डाच्या खालच्या बाजूला मेन्सचा तांब्याचा पट्टा आणि यूएसबीचा पट्टा यांच्यामध्ये मोकळी जागा बघा, सोल्डरच्या गोळ्यांवरून मोजली तर दीड-दोन मिलिमीटर वाटतेय. तिथे पाच-सहा मिलिमीटर तरी पाहिजे, चांगल्या बोर्डात मधे आरपार खाच पण कापलेली असते. धूळ आणि दमट हवा मिळाली की एवढ्याशा जागेवरून करंट सरपटत जाऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरच्या आत काय आहे ते फोटोवरून सांगता येत नाही, पण मला त्याची गरज वाटत नाही.

मृद्गंध
दिरांनी ट्रान्सफॉर्मर पण सोडवायला घेतलाय, सांगते काय निघालं ते. चार्जर तर गेलाच. मुलाला मी सांगितलंय की वायर लावलेली असताना फोन उचलायचा नाही, पण तो ऐकेल असं नाही, म्हणून चार्जिंगची जागाच उंचावर नेली.

कडीपत्ता
सोल्डरगन, मग विकत घेताना बघायचं तरी काय? फोडून तर बघता येणार नाही. वजनावरून कळतं म्हणतात.

सोल्डरगन
वजनावर मी जात नाही. आत लोखंडाचा तुकडा घालून वजन वाढवलेले चार्जर हातून गेलेत. हलका असेल तर शंका घ्या, जड असेल तर खात्री धरू नका, एवढंच. त्यापेक्षा लेबल वाचा. बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल नंबर, इनपुट आणि आउटपुट दोन्ही, आणि चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण. ताईंच्या चार्जरवर फक्त आउटपुट होतं, बनवणाऱ्याचा पत्ताच नव्हता. खुणा खोट्या छापता येतात हे खरं, पण ज्याने छापायचे सुद्धा कष्ट घेतले नाहीत त्याने आत काय केलं असेल. शक्यतो फोन बनवणाऱ्याच्या अधिकृत दुकानातूनच घ्या.

जुना_वायरमन
माझ्याकडे गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले जुने चार्जर डबाभर पडलेत. मेगर मारतो सगळ्यांना आणि इथे लिहितो किती फेल निघतात. पास झालेले पण वापरायला देणार नाही, ते पटलंय.

मृद्गंध
ट्रान्सफॉर्मर सुटला. पिवळ्या टेपचा एकच वेढा निघाला, आणि एका कडेला दोन्ही गुंडाळ्यांच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या दिसतायत. फोटो टाकलाय. दादा, ही तीन थरांची तार आहे का हो? मला तर दोन्ही सारख्याच दिसतायत.

सोल्डरगन
नाही ताई, दोन्ही साधी इनॅमलचीच आहे. तीन थरांच्या तारेचं प्लास्टिक जाड असतं, नखाने थोडं दबतं, आणि बहुतेक वेळा रंग पिवळा असतो. इथे फक्त वार्निश आहे. कड चिकटलीय तिथे तार काळपट दिसतेय, ती तापून झालीय की सोडवताना सोल्डरगनच्या उष्णतेने, ते दिरांना विचारून सांगा.

मृद्गंध
ते म्हणतात त्या बाजूला सोल्डरगन टेकवलीच नव्हती.